दुसऱ्याच्या मार्क्याखाली केळीचे वेफर्स : दरपत्रक कसे मांडावे

मुक्ताईनगर, रावेर व यावल या केळीच्या पट्ट्यात वेफर्स तळणारे लहान उद्योग व महिला बचत गट आता बरेच झाले आहेत. अशा एखाद्या गटाकडे मोठ्या शहरातील व्यापारी येतो व विचारतो, "माल तुम्ही तळायचा, पिशवीवर नाव मात्र आमचे. किलोला काय भाव लावाल?" गट आपसांत विचार करून एक आकडा सांगतो. त्याच क्षणी नुकसानीचे बी पेरले जाते. केळीचा भाव महिन्याभरात दुप्पट होऊ शकतो व तितक्याच वेगाने खालीही येतो. अशा जिनसेवर सहा महिन्यांसाठी एकच भाव बांधून देणे म्हणजे बाजारातील सर्व जोखीम आपल्या पदरात घेणे होय, आणि तीही दुसऱ्याच्या नावासाठी.

या प्रश्नाचे उत्तर जळगावच्या सराफ बाजारात पूर्वीपासून वापरात आहे. दागिना घडवून घेणाऱ्यास सराफ सोन्याचा त्या दिवसाचा भाव लावतो, घडणावळ वेगळी सांगतो व घट किती धरली तेही सांगतो. सोने चढले काय किंवा उतरले काय, सराफाची घडणावळ तेवढीच राहते. वेफर्सचे दरपत्रकही याच तीन अंगांनी मांडावे. कच्चा माल खरेदी किमतीने, घडणावळ ठरावीक दराने, आणि घट आधी मोजून, लिहून.

या तिन्हींपैकी पहिले अंग सर्वांत सोपे वाटते, पण वाद तेथेच अधिक होतात. "कच्चा माल खरेदी किमतीने" या चार शब्दांत दोन गोष्टी लपलेल्या आहेत. एक मालाचा भाव व दुसरी मालाचे प्रमाण. दोन्ही प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे घेण्याचे ठरले, तर व्यापारी थोड्याच दिवसांत साशंक होतो, आणि त्याची शंका अगदीच निराधार नसते. तेल जितके लागेल तितके तो देणार असेल, तर ते वाचविण्याची काळजी गटाने का करावी? कढईचे तापमान उतरले की चकत्या अधिक तेल पितात, वजनही वाढते आणि बिलही वाढते. यास्तव भाव प्रत्यक्षाचा व प्रमाण ठरावाचे, असा नियम दोघांनाही हिताचा आहे. एक किलो वेफर्सला केळी किती व तेल किती, हे आधी ठरवावे. त्यांचा भाव मात्र ज्या दिवशी माल घेतला त्या दिवसाचा लावावा.

प्रमाण कसे ठरते ते पाहू. दांडा काढलेल्या १०० किलो हिरव्या, तयार फण्या घेतल्या, तर सालीत सुमारे ३८ ते ४० किलो जातात. उरलेल्या ६० किलो गरात सुमारे ७० टक्के पाणी असते, म्हणजे घन भाग १८ किलोच्या आसपास असतो. तळून तयार झालेल्या वेफर्समध्ये सुमारे ३० टक्के तेल व ३ टक्के ओलावा धरला, तर घन भाग ६७ टक्के उरतो. या हिशेबाने १८ किलो घन भागापासून २७ किलो वेफर्स निघावयास हवेत. प्रत्यक्षात देठाकडील व टोकाकडील तुकडे, एकमेकांस चिकटलेल्या चकत्या, काळसर पडलेला व मोडलेला माल बाजूला काढावा लागतो. त्यामुळे हाती २२ किलोच्या जवळपास येतात. हा २२ चा आकडा पुस्तकातून उचलून दरपत्रकात घालू नये. गटाने आपल्या कढईवर व आपल्या किसणीवर किमान तीन वेळा तळून, वजने करून तो काढावा, व शक्य झाल्यास एका वेळी व्यापाऱ्याच्या माणसास समोर बसवावे. समोर झालेल्या वजनावर पुढे वाद होत नाही.

उतारा घटण्याची कारणे बहुधा कढईत नसतात, बागेत व वाहतुकीत असतात. अपुऱ्या भरलेल्या, बारीक केळात सालीचा वाटा वाढतो. पिकण्यास सुरुवात झालेल्या केळात पिष्टाची साखर होऊ लागते. अशी चकती तेलात पडताच लवकर तांबूस होते व निवडताना बाहेर जाते. खानदेशच्या उन्हाळ्यात कापलेली केळी फार दिवस हिरवी राहत नाहीत. म्हणून चार दिवसांची केळी एकदम कापून आणू नयेत, रोजच्या तळणाची केळी रोज आणावीत. चकतीचा रंग पिवळा न राहता कडेने तांबूस दिसू लागला, की तेलाला दोष देण्यापूर्वी केळी किती दिवसांपूर्वी कापली हे विचारावे.

आता एक उदाहरण अंकांनी सोडवू. यातील भाव केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत, प्रत्येक गटाने त्या जागी आपले आकडे घालावेत. मुक्ताईनगर तालुक्यातील आठ महिलांचा एक गट आहे असे समजू. त्याच्याकडे ६० किलो तेल मावणारी एक कढई आहे व तो दिवसाला ५०० किलो केळी सोलून ११० किलो वेफर्स काढतो. माल २०० ग्रॅमच्या पिशव्यांत भरावयाचा आहे.

कच्च्या मालाचा हिशेब असा. केळी १,००० रुपये क्विंटल व उतारा २२ किलो धरल्यास एक किलो वेफर्समागे केळीचे ४५ रुपये ५० पैसे होतात. तेल ३०० ग्रॅम, १४० रुपये किलोने ४२ रुपये. मीठ व मसाला ४ रुपये, पाच छापील पिशव्या अडीच रुपयांप्रमाणे साडेबारा रुपये, व पुठ्ठ्याच्या खोक्याचा वाटा ४ रुपये. एकूण १०८ रुपये.

केळी चढून १,८०० रुपये क्विंटल झाली, तर केळीचा खर्च किलोमागे सुमारे ३६ रुपयांनी वाढतो व ४०० किलोच्या खेपेत साडेचौदा हजारांचा फरक पडतो. बांधील भावाने काम घेतलेल्या गटास हे पैसे घरातून घालावे लागतील. भाव प्रत्यक्षाचा असेल, तर ते व्यापाऱ्याच्या खात्यावर जातात व गटाची घडणावळ शाबूत राहते. भाव उतरला तर त्याचा लाभही अर्थातच व्यापाऱ्यास मिळतो, त्याबद्दल हळहळ करू नये.

पण उताऱ्याची जोखीम कोणाची? प्रमाण ठरावाचे असल्याने ती गटाची. उतारा २२ वरून १८ वर आला, तर किलोमागे केळीचे १० रुपये अधिक लागतात. ४०० किलोस ते ४,००० रुपये झाले. खेपेत गटास नफाच ६,००० रुपये धरला असेल, तर त्यातील दोनतृतीयांश येथेच संपला. म्हणून केळी निवडण्याचा व नाकारण्याचा अधिकार गटाकडेच असावा. व्यापारी स्वतः केळी पाठविणार असेल, तर ठरावातील उतारा त्या खेपेस लागू नाही व प्रत्यक्ष उतारा धरला जाईल, असे स्पष्ट लिहावे.

खरेदी किंमत म्हणजे कोणती किंमत, हाही प्रश्न या भागात नाजूक आहे, कारण पुष्कळ वेळा केळी गटातील सभासदांच्याच बागेतील असते. तिची पावती नसते व आपल्याच मालाची किंमत आपणच ठरविली, असा आरोप सहज होऊ शकतो. यावर उपाय असा की केळी कापल्याच्या दिवशी रावेर बाजार समितीचा जाहीर भाव किंवा बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव, यांपैकी एक कोणता तो दरपत्रकात नमूद करावा. सोईप्रमाणे आज हा व उद्या तो, असे करू नये. जातही लिहावी. नवती, कांदेबाग, पिलबाग व वापसी केळीच्या भावात मोठे अंतर असते. वेफर्सला लहान फणीची वापसी केळी चालत असेल, तर भाव नवतीचा लावणे न्याय्य नाही, आणि व्यापाऱ्यास हे आज ना उद्या कळतेच. वजन घडाचे की दांडा काढलेल्या फण्यांचे, हे न लिहिल्यामुळेही हिशेब बिघडतो. दांडा तळला जात नाही, पण काट्यावर तो चढतो.

दुसरे अंग घडणावळीचे. गटाच्या दिवसभराच्या खर्चात मजुरी ३,२०० रुपये, गॅस २,१०० रुपये, वीज, पाणी व धुलाई ३०० रुपये, व भाडे आणि यंत्रांची झीज ४५० रुपये धरली. एकूण ६,०५० रुपयांस ११० किलोंनी भागले असता किलोस ५५ रुपये पडतात. त्यावर नफा १५ रुपये धरून ७० रुपये झाले. गट येथेच थांबतो व ७० रुपये घडणावळ सांगून बसतो. पण काही खर्च किलोवर होत नाही, तो खेपेवर होतो, आणि माल थोडा असो वा फार, तेवढाच होतो.

खेप सुरू करण्यापूर्वी आधीच्या मसाल्याचा वास जाईपर्यंत भांडी, किसणी व भरण्याचे यंत्र धुवावे लागते. त्यात आठ जणींचा अर्धा दिवस जातो, म्हणजे १,६०० रुपये. यंत्राची शिवण व तारखेचा ठसा जमेपर्यंत काही पिशव्या वाया जातात, त्यांचे ४०० रुपये. व्यापाऱ्यास प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल हवा असतो, त्याचे २,००० रुपये धरू. सर्वांत मोठा खर्च मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, तो म्हणजे कढईत उरलेले तेल. तळण चालू असताना वेफर्स दिवसाला ३३ किलो तेल घेऊन जातात व तितके नवे तेल वर पडते, त्यामुळे कढईतील तेल बरेचसे ताजे राहते. खेप संपली की उरलेल्या ४० किलो तेलाचे काय करावयाचे? दुसऱ्या व्यापाऱ्याच्या मालास ते वापरणे योग्य नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तापून तेल बिघडल्यावर होणाऱ्या द्रव्यांची, मर्यादा २५ टक्के ठरविली आहे. तेल गडद झाले, फेस धरू लागले व नेहमीपेक्षा लवकर धुरावले, की ती मर्यादा जवळ आली असे समजून चाचणी घ्यावी. उरलेले तेल जुने तेल गोळा करणाऱ्यांस १४० ऐवजी ४० रुपयांनी गेले असे धरल्यास ४,००० रुपयांची तूट येते.

अशा रीतीने खेपेचा ठोक खर्च ८,००० रुपये झाला. १०० किलोच्या खेपेत तो किलोस ८० रुपये पडतो, ४०० किलोच्या खेपेत २० रुपये व ८०० किलोच्या खेपेत १० रुपये. कमीत कमी खेप किती असावी हे या आकड्यांतून निघते, गटाच्या हट्टातून नव्हे. ४०० किलोच्या पुढे किलोमागची बचत मंदावते व काम सुमारे चार दिवसांत उरकते, म्हणून या गटाने ४०० किलो ही किमान खेप ठरवावी.

व्यापारी तरीही म्हणेल, "पहिल्यांदा दीडशे किलोच द्या, बाजार पाहू." त्यास नकार देण्याची गरज नाही. घडणावळ दोन भागांत सांगितली की प्रश्न सुटतो. प्रत्येक खेपेस ८,००० रुपये ठोक व वर किलोस ७० रुपये. या रीतीने १५० किलोस १८,५०० रुपये, म्हणजे किलोस १२३ रुपयांच्या वर पडतात. ४०० किलोस ३६,००० रुपये, म्हणजे ९० रुपये, आणि ८०० किलोस ६४,००० रुपये, म्हणजे ८० रुपये. लहान खेप महाग का, हे व्यापाऱ्यास मग सांगावे लागत नाही, आणि गटाचेही कोणत्याच मापाला नुकसान होत नाही. पहिल्या खेपेस सवलत द्यावयाची झाल्यास नफ्याच्या १५ रुपयांतून द्यावी. ठोक खर्चातून देऊ नये, कारण ते पैसे बाहेर जातातच.

छापील पिशव्यांची किमान संख्या ही याहून वेगळी बाब आहे. ४०० किलोस २,००० पिशव्या पुरतात, पण छपाईदार १४,००० पिशव्यांपेक्षा कमी छापून देत नसेल, तर सात खेपांचा माल एकदम पडतो व ३५,००० रुपये गुंततात. दोन खेपांनंतर व्यापाऱ्याने तोंड फिरविले, तर १०,००० पिशव्या, म्हणजे २५,००० रुपये, गटाच्या कोठीत पडून राहतील. त्यावर दुसऱ्याचे नाव असल्याने त्या अन्य कोणासही उपयोगी नाहीत. गटाच्या एका खेपेचा नफा ६,००० रुपये असताना ही एक चूक चार खेपांची कमाई बुडवू शकते. यास्तव पिशव्या व्यापाऱ्यानेच छापून पाठवाव्यात, किंवा गटाने छापल्यास सर्वच्या सर्व पिशव्यांचे पैसे छपाईपूर्वी घ्यावेत. "लागतील तशा पिशव्या खरेदी किमतीने" असे लिहिणे येथे अगदी चुकीचे ठरेल. कमाल किरकोळ किंमत, तारीख व बॅच नंबर छपाईत न घेता भरतेवेळी ठशाने उमटवावेत, म्हणजे किंमत बदलली तरी पिशव्या वाया जात नाहीत.

दरपत्रकाचा मजकूर पुढील धर्तीवर ठेवता येईल.

"आपल्या मार्क्याखाली केळीचे खारे वेफर्स, २०० ग्रॅमच्या पिशवीत भरून देण्याचा दर. घडणावळ प्रत्येक खेपेस ८,००० रुपये व शिवाय किलोस ७० रुपये, आजपासून सहा महिने कायम. किमान खेप ४०० किलो, त्याहून लहान खेप याच दराने गटाच्या सोईने. केळी १०० किलो वेफर्सला ४५५ किलो, दांडा काढलेल्या फण्यांच्या वजनाने, कापणीच्या दिवशीच्या रावेर बाजार समितीच्या वापसी केळीच्या जाहीर भावाने. तेल १०० किलोस ३० किलो, बिलाच्या भावाने. मीठ, मसाला व खोकी बिलाप्रमाणे. पिशव्या आपण पुरवाव्यात, भरताना १०० मागे २ पर्यंत नासाडी धरली जाईल. मोडका व निवडलेला माल आपल्या पिशवीत भरला जाणार नाही व आपल्या नावाने विकलाही जाणार नाही. मालाची रक्कम खेप सुरू होण्यापूर्वी, घडणावळ माल उचलताना. कर वेगळा."

यातील पैशाच्या अटीचे कारण सांगितले पाहिजे. ४०० किलोच्या एका खेपेत १०८ रुपयांप्रमाणे ४३,२०० रुपयांचा माल व ३६,००० रुपये घडणावळ, असे ७९,२०० रुपये होतात. महिन्यास दोन खेपा व पैसे ४५ दिवसांनी, असे ठरले तर तीन खेपांचे २,३७,६०० रुपये सतत बाहेर राहतील. खरेदी किमतीने दिलेल्या मालावर गट एक पैसाही नफा घेत नाही. मग त्यासाठी स्वतः कर्ज काढून व्याज भरणे म्हणजे व्यापाऱ्यास फुकट भांडवल पुरविणे झाले. गटाने उद्यम नोंदणी करून ठेवावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग अधिनियम, २००६ प्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगास ४५ दिवसांच्या आत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, करारात अधिक मुदत लिहिली असली तरी. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज मागता येते.

कराच्या बाबतीत एक गैरसमज आढळतो. माल खरेदी किमतीने दिला म्हणून त्यावर कर लागत नाही, असे नाही. केळी, तेल व मसाला गटाने आपल्या नावे घेऊन तयार वेफर्स दिले, तर तो वेफर्सचा पुरवठा होय. वस्तू व सेवा कर संपूर्ण ७९,२०० रुपयांवर धरला जातो व उलाढालही तेवढीच मोजली जाते. व्यापाऱ्याने सर्व माल आपला पाठवून केवळ तळून घेतले, तर ते मजुरीचे काम ठरते, माल डिलिव्हरी चलनावर येतो व कर घडणावळीवर लागतो. कोणती रीत सोईची हे गटाच्या वार्षिक उलाढालीवर अवलंबून आहे, आणि दरपत्रक देण्यापूर्वीच कर सल्लागारास विचारून ते ठरवावे.

पिशवीवर नाव व्यापाऱ्याचे असले तरी गट त्यामागे लपू शकत नाही. २०२० च्या लेबल विनियमांनुसार मार्का धारण करणाऱ्याचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक यांच्या जोडीला, उत्पादक निराळा असल्यास त्याचाही परवाना क्रमांक छापावा लागतो. त्यामुळे माल खवट निघाल्याची तक्रार आली, तर शोध गटाच्या दारापर्यंत येतो. प्रत्येक बॅचच्या दोन पिशव्या मुदत संपेपर्यंत कोठीत राखून ठेवाव्यात. त्याच बॅचची केळी कोणत्या बागेतील, कापणीचा दिवस कोणता, तेल कोणत्या बिलाचे व उतारा किती, याची एका ओळीत नोंद वहीत करावी. राखून ठेवलेली पिशवी कुरकुरीत व बिनवासाची निघाली, आणि दुकानातील पिशवी खवट असली, तर दोष तळण्यात नसून साठवणुकीत किंवा वाहतुकीत असावा असे मानण्यास आधार मिळतो. दोन्ही पिशव्या खवट निघाल्या, तर वहीतील तेलाच्या बिलाची तारीख प्रथम पाहावी.